मामाची बॅटरी आणि सहा पॉइंटची वॉरंटी

नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या एसटीत बसलात आणि कंडक्टरनं 'विंचूर की विंचूर चौफुली?' असं विचारलं, तर नीट ऐकून उत्तर द्या. चौफुली येवल्यात आहे. विंचूर त्याच्या आधी, निफाडच्या पुढे. मी एकदा झोपेत 'विंचूर' एवढंच पुटपुटले होते आणि येवल्यात उतरून उलट आले होते. नाव अर्धवट छापलं की माणूस भलत्याच गावी पोचतो, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

२०२५ च्या जुलैत मी मामाकडे गेले ते सुट्टी म्हणून. भजी, पाऊस, वाइन पार्कची चक्कर असा प्लॅन होता. प्रत्यक्षात दोन दिवस मी एका वॉरंटी कार्डापुढे बसून काढले. हसू नका. तुमच्या घरातल्या त्या ड्रॉवरमध्ये, मिक्सरचं, इन्व्हर्टरचं, वॉशिंग मशीनचं असं एक पुडकं असेलच. त्यातलं एक तरी तुम्ही वाचलंय का? मीही नव्हतं वाचलं. मास कॉमच्या दोन वर्षांत आम्हाला हेडलाइनपासून जाहिरातीपर्यंत सगळं लिहायला शिकवलं, पण वस्तू बिघडल्यावर रागावलेला माणूस हातात जे धरतो, तो कागद कसा लिहायचा हे कुणीच नाही शिकवलं.

तर झालं असं. मामानं ८ जानेवारी २०२५ ला पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप घेतला. सोळा लिटरची टाकी, आत १२ व्होल्टची बंद बॅटरी, छोटी मोटर. उन्हाळ कांद्यावर फुलकिडे आणि करप्यासाठी मार्चपर्यंत फवारण्या केल्या आणि कांदा निघाल्यावर पंप गोठ्याच्या माळ्यावर टाकला. जूनच्या शेवटी खरिपाच्या रोपांसाठी खाली काढला, तर बॅटरी ठार. रात्रभर चार्जिंगला लावली. बटण दाबलं की मोटर एकदा 'घूं' करायची आणि गप्प.

कार्डावर बॅटरीला सहा महिने लिहिले होते. मामा ३ जुलैला, म्हणजे मुदतीत, पंप घेऊन दुकानात गेला. दुकानदारानं कंपनीला फोन लावला, पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं आणि दुकानदारानं ते तीन शब्दांत मामाला दिलं : 'वॉरंटीत बसत नाही.' का, ते त्यालाही सांगता येईना. बॅटरी हजाराच्या घरातली. मामाचा राग पैशांपेक्षा त्या तीन शब्दांवर जास्त होता. 'पोरी, तू शिकलेली ना? बघ बरं यात काय लिहिलंय,' म्हणून त्यानं कार्ड माझ्यापुढे टाकलं.

मी बघितलं. इंग्रजी, आणि अक्षर सहा पॉइंटचं. एक पॉइंट म्हणजे साधारण ०.३५ मिलिमीटर, म्हणजे एका ओळीला पुरते दोन-सव्वादोन मिलिमीटर. कागद चकचकीत, त्यावर दुकानाचा शिक्का फासटलेला. बिल जोडलं होतं, पण ते उष्णतेनं छापलं जाणाऱ्या कागदावरचं, जानेवारीतलं. जुलैत त्यावर फिकट करड्या रेघा उरल्या होत्या. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं झूम करकरून मी वाचत गेले आणि अकराव्या की बाराव्या कलमात सापडलं : बॅटरी दीर्घकाळ चार्ज न करता ठेवल्यास वॉरंटी लागू नाही.

म्हणजे कंपनी अगदीच चूक नव्हती. शिशाची बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग ती चार्ज धरत नाही. त्यात एप्रिल-मेच्या गरमीत बॅटरी आपोआपच लवकर उतरते. मामाची बॅटरी तीन महिने माळ्यावर पत्र्याखाली होती. पण 'दीर्घकाळ' म्हणजे किती? आणि हे त्याला मार्चमध्ये कळायला हवं होतं, जुलैत नव्हे.

कॉम्प्रेसर कुठून आला?

आता गंमत ऐका. मामाचा मुलगा, म्हणजे आमचा धाकटा मामेभाऊ, गावातच मोटर रिवाइंडिंग आणि पंपदुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याच उन्हाळ्यात त्यानं टाक्या, मोटरी, बॅटऱ्या बाहेरून आणून स्वतःच्या लेबलचे पंप जोडायला सुरुवात केली होती. मामा कंपनीला शिव्या घालत असताना मी त्याला सहज विचारलं, 'तुझ्या पंपाबरोबर काय देतोस?' त्यानं खोक्यातून एक कार्ड काढलं. सहा पॉइंट, इंग्रजी, चकचकीत. पहिल्या पानावर त्याचं लेबल. आत सगळी तीच भाषा. आणि नवव्या कलमात 'कॉम्प्रेसर'वर पाच वर्षांची वॉरंटी.

'फवारणी पंपात कॉम्प्रेसर असतो?'

'नाही गं ताई. डीटीपीवाल्याकडे तयार मॅटर होतं. फ्रिजचं असेल.'

मामा इतका हसला की राग गेला. मामेभावाचा चेहरा मात्र उतरला, कारण त्याची विक्री सुरू झाली होती. सीझन तोंडावर होता, शंभरेक कार्डं बाहेर गेली होती आणि परत येणारे लोक अनोळखी नव्हते. विंचूरच्या उपबाजारात कांद्याच्या ट्रॅक्टरवर रोज भेटणारी माणसं ती. मुंबईतल्या कंपनीला 'नाही' म्हणणं सोपं असतं, गावातल्या दुकानदाराला नसतं.

आम्ही ठरवलं, कार्ड नव्यानं लिहायचं. मला वाटलं, मी भाषांतर करीन, तो छापील. अर्ध्या तासात संपेल. संपलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

कात्री आणि पाच ढीग

जुन्या कार्डाची मोठी झेरॉक्स काढली आणि प्रत्येक वाक्य कात्रीनं वेगळं केलं. मग ओट्यावर चार ढीग : काय फुकट मिळेल, काय मिळणार नाही, बिघडल्यावर काय करायचं, कुणाला फोन करायचा. बिघडलेली वस्तू हातात असलेल्या माणसाला या चारापलीकडे प्रश्नच नसतो. कंपनीचा इतिहास नको असतो, 'आपण आमच्या परिवारात सामील झाल्याबद्दल' नको असतं.

पण वाटताना पाचवा ढीग तयार झाला : कुणालाच अर्थ माहीत नाही. तो सगळ्यात उंच झाला. 'गैरवापरामुळे झालेलं नुकसान.' मी विचारलं, गैरवापर म्हणजे काय? मामेभाऊ म्हणाला, 'म्हणजे चुकीचा वापर.' चुकीचा म्हणजे? तो विचार करायला लागला. मग एकेक बाहेर आलं. टाकीत पाणी नसताना मोटर चालू ठेवणं. जाळी न लावता पावडरीचं औषध ओतणं, ज्यानं गाळ थेट पंपात जातो. मोबाइलचा नाही तर दुसऱ्याच कुठल्या पंपाचा चार्जर लावणं. हे तीन प्रकार त्याला दुकानात रोज दिसतात आणि तिन्ही उघडून बघितल्यावर ओळखता येतात. मग 'गैरवापर' कशाला लिहायचं? तीनच गोष्टी लिहू.

इथं माझ्या लक्षात आलं की आम्ही भाषा सोपी करत नव्हतो, निर्णय घेत होतो. धूसर वाक्य सोपं होत नाही. त्याचा अर्थ आधी कुणीतरी ठरवावा लागतो. जिथं वाक्याचं मराठीच होईना, तिथं दरवेळी मागे न ठरवलेली गोष्ट निघाली. बॅटरी बदलून द्यायची की दुरुस्त करून? नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा? सुट्टे भाग नसले तर किती दिवस? जुन्या कार्डात यातलं एकही नव्हतं, आणि मामेभावाला ते नव्हतं हेही माहीत नव्हतं.

या बाबतीत अमेरिकेनं बरंच आधी डोकं लावलंय. तिथं १९७५ मध्ये मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा झाला आणि त्याखालच्या नियमांनुसार लेखी वॉरंटी देणाऱ्यानं काही गोष्टी एकाच कागदावर, सोप्या भाषेत सांगाव्या लागतात : कुठले भाग येतात, कुठले येत नाहीत, कंपनी काय करून देईल, मुदत कधी सुरू होते, किती काळ, आणि दाद मागायच्या पायऱ्या. आम्ही ही यादी भिंतीवर चिकटवली. कायदा आपला नाही, पण यादी चांगली आहे. आपल्याकडे पाकिटबंद मालाचे २०११ चे नियम खोक्यावर तक्रारीसाठीचं नाव, पत्ता, फोन आणि ईमेल मागतात. आतल्या कार्डाच्या मांडणीची काळजी ज्याची त्यानं घ्यायची.

तारीख : दुकानदारानं मोजायची, गिऱ्हाइकानं नाही

आता सगळ्यात छोटी आणि माझ्या मते सगळ्यात कामाची सुधारणा. 'खरेदीच्या दिनांकापासून सहा महिने' हे वाक्य वाचणाऱ्याकडून तीन कामं करून घेतं : बिल शोध, तारीख वाच, महिने मोज. त्यात सुरुवात कुठून, हाही घोळ. कारखान्यातून निघाल्यापासून, विकल्यापासून की बसवल्यापासून? एसी-फ्रिजसारख्या वस्तूंसाठी तर २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं कंपन्यांना सांगितलं होतं की वॉरंटी बिलापासून न धरता वस्तू बसवल्यापासून धरा. फवारणी पंप बसवावा लागत नाही, त्यामुळे आमच्यापुढे बिलाची तारीख हाच सरळ पर्याय होता.

पण आम्ही 'पासून' काढूनच टाकलं. कार्डावर शेवटची तारीखच लिहायची. विकताना दुकानदारानं पेनानं भरायची, गिऱ्हाइकासमोर. मामाच्याच पंपाचं उदाहरण घेऊ. खरेदी ८ जानेवारी २०२५. बॅटरी सहा महिने, म्हणजे ७ जुलै २०२५ पर्यंत. चार्जर तोच. मोटर बारा महिने, म्हणजे ७ जानेवारी २०२६ पर्यंत. तीन रकाने, तीन तारखा. ज्याला वाचता येत नाही, तोही शेजारच्या पोराला 'ही तारीख गेली का रे?' एवढं विचारू शकतो.

पहिल्या मसुद्यात आम्ही तारीख नुसत्या आकड्यांत लिहिली आणि लगेच फसलो. मामेभावानं ०७/०१ लिहिलं, मी ते सात जानेवारी वाचलं आणि दुकानातल्या कामगार पोरानं एक जुलै. त्याला परदेशी चार्जरच्या खोक्यांवर महिना आधी बघायची सवय! म्हणून महिना अक्षरात लिहायचा, असा नियम झाला. शिवाय पूर्ण पंपाला 'एक वर्ष वॉरंटी' असं ठळक छापून खाली बारीक अक्षरात बॅटरीला सहा महिने, हा नेहमीचा प्रकारही बंद. भाग तेवढ्या ओळी, सगळ्यांचं अक्षर एकाच आकाराचं.

'नाही' मोठ्यानं सांगायचं

काय मिळणार नाही, ते लपवायचा मोह प्रत्येकाला होतो. मामेभाऊही म्हणाला, 'ताई, एवढं ठसठशीत लिहिलं तर पंप कोण घेईल?' मी म्हटलं, बारीक लिहिलंस तर पंप घेतील आणि सहा महिन्यांनी तुझ्या ओट्यावर येतील. तो मामाकडे बघून गप्प बसला.

खरा पेच बॅटरीचा होता. बॅटरी मुळातच खराब निघाली की गिऱ्हाइकानं रिकामी ठेवून मारली, हे ओळखायचं कसं? मामेभावाची पद्धत अशी : बॅटरी आठ तास चार्ज करायची, तासभर तशीच ठेवायची, मग मीटर लावायचा. धडधाकट भरलेली बॅटरी पावणेतेराच्या आसपास व्होल्ट दाखवते. आत दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे असतात. बाकी सगळं ठीक असून आकडा साडेदहाच्या आसपास अडकला, तर एक कप्पा गेला असण्याची शक्यता मोठी, आणि तो बहुधा बनावटीचा दोष. पण चार्जर लावताच आकडा भराभर चढतो आणि मोटर सुरू केली की धाडकन पडतो, तर थर बसलेल्या बॅटरीची ती खूण. मात्र शंभर टक्के खात्री मीटर देत नाही, असं तो स्वतःच म्हणाला. दोन्ही एकत्रही असू शकतं.

मग जिथं खात्री नाही, तिथं कार्डानं काय म्हणायचं? बराच वाद झाला. मामाचं म्हणणं, सगळ्या बदलून दे. मामेभावाचं म्हणणं, मग दुकान बंद करतो. शेवटी असं ठरलं : पहिल्या तीस दिवसांत बॅटरी गेली तर विचारणा न करता नवी. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत तपासणी होईल ती गिऱ्हाइकासमोर, आणि मीटरचा आकडा कार्डाच्या मागे लिहून द्यायचा. 'वॉरंटीत बसत नाही' हे तीन शब्द देऊन घरी पाठवायचं नाही. हा नियम कार्ड लिहायला बसलो नसतो, तर झालाच नसता.

आणि 'दीर्घकाळ'? त्याचे झाले 'दोन महिने'. त्याच्या अनुभवातून सुरक्षित वाटला तो आकडा. शिवाय हे वाक्य आम्ही नकाराच्या यादीतून उचलून सूचनेच्या रूपात लिहिलं, कारण ते वेळेत वाचलं तर नकाराची पाळीच येत नाही.

जुन्या कार्डातलं एक वाक्य मात्र मी थेट फाडलं : सर्व वाद मुंबईच्या न्यायालयाच्या कक्षेत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यात ग्राहकाला स्वतः राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येतं. विंचूरचा माणूस नाशिकला तक्रार देऊ शकतो, त्यासाठी साधारण दोन वर्षांची मुदत असते. मामानं विचारलं, 'पण मी धंद्यासाठी पंप घेतला, मी कसला ग्राहक?' स्वतःच्या कष्टानं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा 'व्यापारी हेतू' धरत नाही. आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं बियाण्यांच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहकच असल्याचं सांगितलं होतं. वॉरंटी कार्डावर काहीही छापलं, तरी हा हक्क पुसला जात नाही. मग ते छापून लोकांना उगाच घाबरवायचं कशाला? त्या जागी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आला. आपल्याच कार्डावर आपल्याविरुद्ध तक्रारीचा नंबर! मामेभावानं दीर्घ श्वास घेतला, पण ठेवला.

कागद, शाई आणि 'कव्हर'

मांडणी मी केली, पण शिकवलं डीटीपीवाल्या काकांनी. मला सगळं एका पानात कोंबायचं होतं. ते म्हणाले, देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. इंग्रजीच्या मापानं ओळी चिकटवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. म्हणून अक्षर दहा पॉइंट आणि ओळीला चौदा पॉइंट जागा. ठळक मथळे काळ्या पट्टीत पांढऱ्या अक्षरांत हवे होते मला. त्यांनी नमुना काढून दाखवला : 'ट्ट' आणि 'द्ध'च्या पोटातली फट शाईनं भरून गेली होती. मग साधी काळी अक्षरं.

कागदही बदलला. चकचकीत आर्ट कार्डावर शिक्का वाळत नाही आणि बॉलपेन घसरतं. मामाच्या कार्डावरचा फासटलेला शिक्का त्यामुळेच. साधा, जाडसर, न चकाकणारा मॅपलिथो घेतला. आकार पोस्टकार्डाएवढा, म्हणजे कागदपत्रांच्या प्लास्टिक पाकिटात सातबाऱ्याबरोबर मावेल असा. फोन नंबर इंग्रजी आकड्यांत, पाच-पाचच्या दोन गटांत, कारण मोबाइलच्या कीपॅडवर ते आकडे असतात. नंबर कुणा माणसाचा नाही, दुकानाचा. माणूस नोकरी सोडून जातो, नंबर कार्डावर राहतो.

छापण्याआधी परीक्षा घेतली. दुकानात आलेल्या लोकांना कच्चं कार्ड द्यायचं आणि 'वाचता येतं का?' असं विचारायचं नाही. त्याला सगळे 'हो' म्हणतात. प्रश्न असा : 'हा पंप ८ जानेवारीला घेतला. आज ३ जुलै आणि चार्जर जळालाय. पैसे पडतील का? आणि आता तुम्ही काय कराल?' मग गप्प बसून बघायचं, बोट कुठं जातं.

पहिल्याच काकांनी आमची विकेट काढली. मथळा होता 'वॉरंटीत काय कव्हर आहे?' काकांनी पंप उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, 'कव्हर तर प्लास्टिकचंच दिसतंय.' मी मान खाली घातली. मथळा झाला : 'हे बिघडलं तर पैसे नाहीत'. तोही आम्हाला दोनदा बदलावा लागला, कारण एका बाईंनी तो 'पैसे परत मिळणार नाहीत' असा वाचला. शेवटी झालं 'हे आम्ही फुकट करून देऊ'. आणखी एक चूक मोठी होती. सगळ्यांनी तारीख पटकन शोधली, पण पुढे काय करायचं त्याला बहुतेकांचं बोट कार्ड उलटत होतं, कारण पायऱ्या आम्ही मागे टाकल्या होत्या. त्या पुढे आणल्या, आणि कंपनीचं नाव मोठ्ठं होतं ते लहान केलं. लोगो लहान करताना मामेभावाच्या जिवावर आलं, हे सांगायलाच हवं.

शेवटी उरलेलं कार्ड हे असं :

हे आम्ही फुकट करून देऊ
बॅटरी : बदलून, ………… या तारखेपर्यंत
चार्जर : बदलून, ………… या तारखेपर्यंत
मोटर : दुरुस्त करून, नाही जमली तर बदलून, ………… या तारखेपर्यंत
पहिल्या ३० दिवसांत बॅटरी गेली तर तपासणीशिवाय नवी.

याचे पैसे पडतील
नोझल, वॉशर, पाइप, पट्टे : हे झिजणारे भाग आहेत.
टाकी फुटली किंवा पंप पडला.
पाणी नसताना मोटर चालवली, जाळी काढून औषध ओतलं किंवा दुसरा चार्जर लावला.

पंप ठेवून देताना
बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा. नंतर महिन्यातून एकदा चार्ज करा. सलग २ महिने चार्ज न केल्यानं बसलेली बॅटरी बदलून मिळणार नाही.

बिघडलं तर
१. खालच्या नंबरवर फोन करा. सकाळी ९ ते संध्याकाळी ७, गुरुवारी बंद.
२. टाकी धुऊन पंप, चार्जर आणि हे कार्ड दुकानात आणा. कार्ड हरवलं तर बिल किंवा खरेदीच्या वेळी दिलेला तुमचा मोबाइल नंबर चालेल.
३. तपासणी तुमच्यासमोर होईल. कारण या कार्डामागे लिहून मिळेल.
४. दुरुस्ती ७ दिवसांत. जास्त लागले तर तोवर वापरायला दुसरा पंप.

'टाकी धुऊन' हे कामगार पोराचं. औषधाचा वास मारणारे पंप उघडायचे त्यालाच असतात. आणि चौथ्या ओळीतला 'दुसरा पंप' मामाच्या हट्टानं आला : करपा सात दिवस थांबत नाही, असं तो म्हणाला. तोच फोन नंबर आणि पंपाचा क्रमांक टाकीवर स्टिकर करूनही लावला, कारण कार्ड घरी असतं आणि पंप बिघडतो शेतात.

रात्री छापून आलेलं पहिलं कार्ड मामेभावानं मामाला दिलं. मामानं चष्मा न लावता, हात लांब करून वाचलं. वाचता वाचता बोट 'पंप ठेवून देताना'वर थांबलं.

'म्हणजे तुझ्या कार्डानंही माझी बॅटरी मेलीच की.'

'हो आबा.'

'मग मला ही मार्चमध्येच का नाही दिलीस?'

मामेभाऊ काही बोलला नाही. त्यानं दुकानातून एक नवी बॅटरी आणली आणि जुनी काढून बसवली. पैसे घेतले की नाही, ते मी विचारलं नाही. सकाळी मी निघाले तेव्हा तो चार्जरच्या वायरींना एकेक पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्यानं बांधत बसला होता. तिच्यावर एवढंच होतं : महिन्यातून एकदा चार्ज करा. कार्ड पाकिटात जाईल, पण चार्जर खिळ्याला लटकलेला असतो, असं त्याचं म्हणणं. पहिली चिठ्ठी त्यानं मामाच्या चार्जरला बांधली होती.

बाहेर गेलेल्या त्या शंभर जुन्या कार्डांचं काय, हे मी एसटीत बसताना विचारलं. बिलबुकातल्या मोबाइल नंबरांवर तो रोज दहा-दहा फोन करतोय. नवं कार्ड घेऊन जा, म्हणून. एका गिऱ्हाइकानं उलट विचारलं म्हणे, 'येतो, पण तो पाच वर्षांचा कॉम्प्रेसर कधी देणार?'